टॉप-अपचं पाणी जातं कुठे?

इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हे आता महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. भारनियमनाच्या वर्षांनी ते शिकवलं. पण ते पाणी जातं कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "उन्हाळ्यात आटतं हो." थोडं आटतंही. बाकीचं पाणी मात्र वाफ होऊन जात नाही. चार्जिंगची वीज त्याचे दोन तुकडे करते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि दोन्ही वायू झाकणाच्या छिद्रातून खोलीत येतात. एक लिटर पाणी असं पुरतं फुटलं, तर आपल्याकडच्या तापमानाला सुमारे पावणेचौदाशे लिटर हायड्रोजन तयार होतो.

माझं काम उपकेंद्रांतल्या बॅटरी रूमचं. वीज उपकेंद्रातले ब्रेकर आणि रिले मेन सप्लाय गेल्यावरही चालले पाहिजेत, म्हणून तिथे लेड-ॲसिड सेलची रांग कायम चार्जिंगवर असते. ११० व्होल्टचा संच म्हणजे ५५ सेल. प्रत्येक बॅटरी रूममध्ये एक लॉगबुक असतं आणि त्यात व्होल्टेज, ग्रॅव्हिटी, तापमान यांच्या शेजारी टॉप-अपच्या पाण्याचा रकाना असतो. ऑपरेटर तो सगळ्यात शेवटी, घाईत भरतात. मी लॉगबुक हातात घेतलं की आधी तोच वाचतो. बहुतेक बॅटरी रूममध्ये हायड्रोजन मोजायचं यंत्र नसतं. पाण्याचा रकाना तेच काम करतो, फक्त महिन्याभराने.

२०० अँपिअर-अवरच्या संचाला महिन्याला पाच लिटर पाणी लागलं असं धरू. आटलेला भाग सोडून दिला, तर जवळजवळ सात हजार लिटर हायड्रोजन झाला. आकडा ऐकून नवीन मुलं दचकतात. महिन्याच्या ७२० तासांवर तो पसरला, तर तासाला जेमतेम दहा लिटर होतो, आणि दाराच्या फटीतूनही तेवढा निघून जातो. पण तो असा सारखा पसरत नाही. सेल भरत असेपर्यंत वीज प्लेटांवरचं लेड सल्फेट बदलण्यात खर्च होते आणि वायू फार थोडा निघतो. सेल भरत आला आणि त्याचं व्होल्टेज २.४ च्या आसपास पोचलं की विजेला दुसरं काम उरत नाही. ती पाणी फोडू लागते. पारदर्शक डब्याच्या सेलमध्ये हे दिसतं. प्लेटांमधून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात आणि ॲसिड दुधाळ दिसू लागतं. रोजच्या फ्लोट चार्जिंगला व्होल्टेज २.२ च्या आगेमागे असतं, त्यामुळे वायू कमी. संच डिस्चार्ज झाल्यावर जे बूस्ट चार्जिंग करतात, त्याच्या शेवटच्या तासांत मात्र आमच्या या ५५ सेलमधून तासाला शंभर लिटर हायड्रोजन निघू शकतो. म्हणजे महिनाभराचा धोका त्या थोड्या तासांत एकवटलेला असतो.

हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की ते मिश्रण पेटू शकतं आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पेटतं राहतं. इतका रुंद पट्टा फार थोड्या वायूंचा असतो. दुसरी गोष्ट पेटायला लागणाऱ्या ठिणगीची. पेट्रोलची वाफ पेटवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी ऊर्जेत हायड्रोजन पेटतो. अनुकूल मिश्रणाला एका मिलिज्यूलचा पन्नासावा भाग पुरतो. थंडीत लोकरी कपडा काढताना बोटाला जो चटका बसतो, त्यातली ठिणगी याच्या कित्येक पट मोठी असते. आपल्याला जाणवणारही नाही अशी स्थिर विजेची ठिणगी इथे चालते. शिवाय या वायूला रंग नाही आणि वासही नाही. बॅटरी रूममध्ये घशात खवखवतं ते बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या ॲसिडच्या तुषारांनी. खवखव नाही म्हणून हायड्रोजन नाही, असं समजायला आधार नाही.

आता एक प्रसंग सांगतो. उपकेंद्राचं नाव महत्त्वाचं नाही. रात्रीच्या बिघाडात संच बराच डिस्चार्ज झाला होता, म्हणून सकाळपासून बूस्ट चार्जिंग चालू होतं. दुपारी एका जोडपट्टीवर हात ठेवला तर ती गरम लागत होती, म्हणजे तिथला नट सैल. तंत्रज्ञाने पाना घेतला आणि चार्जिंग चालू असतानाच नट आवळायला गेला. आवळण्याआधी पट्टी जरा हलवून बघायची सवय असते, तशी त्याने हलवली. जोड क्षणभर सुटला, वीसेक अँपिअरचा प्रवाह तुटला आणि तिथे ठिणगी पडली. शेजारच्या सेलचा व्हेंट प्लग हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी घेण्यासाठी काढून ठेवलेला होता. बंदुकीसारखा आवाज झाला, त्या सेलचं झाकण फुटून छतापर्यंत उडालं आणि ॲसिडचा फवारा त्याच्या छातीवर आला. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. नळ दाराशीच होता. बराच वेळ पाणी ओतून घेतल्यावर त्याला दवाखान्यात नेलं. शर्टाची संध्याकाळपर्यंत चाळण झाली होती.

मी पोचल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "साहेब, पंखा तर चालू होता."

पंखा खरंच चालू होता. गॅस डिटेक्टर लावून पाहिलं तर खोलीत हायड्रोजन नावालाही नव्हता, आणि स्फोटाच्या वेळी फार वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. खोलीत काहीच पेटलं नव्हतं. पेटलं ते सेलच्या आत. ॲसिडची पातळी आणि झाकण यांच्यामध्ये चार बोटं रिकामी जागा असते. बुडबुडे आधी तिथे येतात, आणि पाणी फुटून आलेले असल्यामुळे दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन याच प्रमाणात येतात. पूर्ण ज्वलनाला नेमकं हेच प्रमाण लागतं. बाहेरची हवा कितीही स्वच्छ असली तरी गॅसिंग चालू असलेल्या प्रत्येक सेलच्या टाळूखाली असा अर्धा-पाऊण लिटर तयार स्फोटक असतो. तो पेटला की बंद जागेतला दाब क्षणात आठ-दहा पट होतो, आणि प्लास्टिकचं झाकण त्यासाठी बनवलेलं नसतं.

माझ्या क्षेत्रातल्या बहुतेक सूचनाफलकांवर 'खेळती हवा ठेवा' आणि 'आग नेऊ नका' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिलेली असतात, जणू दुसरं पहिल्याची पुरवणी आहे. पहिलं पाळलं की दुसऱ्यात थोडी सूट मिळते, असा समज त्यातूनच होतो. ही वाक्यं दोन वेगवेगळ्या जागांविषयी आहेत. पंखा आणि खिडक्या खोली सांभाळतात. सेलच्या आतल्या जागेपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, आणि तिथून ठिणगी लांब ठेवण्यावाचून इलाज नाही. किती लांब, याचं सूत्र आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. आमच्या २०० अँपिअर-अवरच्या सेलला बूस्ट चार्जिंगच्या वेळी ते अंतर सुमारे ४६ सेंटिमीटर येतं. व्हेंटपासून तेवढ्या अंतरात वायू पुरेसा विरळ झालेला असेल असं धरता येत नाही, मग पंखा कितीही मोठा असो. म्हणजे नटावर पाना लावणारा माणूस कायम धोक्याच्या वर्तुळातच उभा असतो.

म्हणून काम ज्या क्रमाने करतात, तो क्रमच खरं संरक्षण आहे. आधी चार्जर बंद करायचा. मग निदान तासभर थांबायचं, कारण प्लेटांच्या रंध्रांत अडकलेले बुडबुडे चार्जिंग थांबल्यावरही वर येत राहतात. लोडचा प्रवाहही तोडलेला हवा, नाहीतर चार्जर बंद असूनही पट्टी सुटताना ठिणगी पडणारच; त्यासाठी लोड दुसऱ्या संचावर घेऊन या संचाचा फ्यूज काढावा लागतो. व्हेंट प्लग सगळे जागेवर, आणि जवळच्या सेलवर ओलं सुती फडकं. पान्याला मुठीपासून जबड्यापर्यंत इन्सुलेशन टेप, म्हणजे तो निसटून दोन टर्मिनलांवर आडवा पडला तरी शॉर्ट होणार नाही. आणि सेलला हात लावण्याआधी तळहात लोखंडी रॅकच्या अर्थ केलेल्या भागावर क्षणभर टेकवायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज तिथेच उतरते. सेल पुसायचं फडकं ओलसर हवं, तेही याच कारणाने. कोरड्या नायलॉनच्या कापडाने प्लास्टिकचा डबा घासणं म्हणजे व्हेंटच्या शेजारी वीज साठवत बसणं.

व्हेंट प्लगबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याची किंमत कुणाला कळत नाही. चांगल्या प्लगच्या डोक्यात सच्छिद्र सिरॅमिकची टोपी असते. वायू तिच्या बारीक रंध्रांतून बाहेर जातो, पण बाहेर पेटलेली ज्योत आत शिरू शकत नाही. रंध्रांच्या भिंती तिची उष्णता शोषून घेतात आणि ती तिथेच विझते. जुन्या पिढीत चार्जिंगला सगळी बुचं काढून ठेवायची पद्धत होती, 'गॅस मोकळा जाऊ दे' म्हणून. साध्या बुचांच्या काळात तिला काही अर्थ असेल, पण सिरॅमिकचा प्लग काढला की सेलच्या पोटातल्या स्फोटकापुढचा एकुलता एक पडदा निघाला. वरच्या प्रसंगात हेच झालं होतं.

आतल्या जागेला आतूनही आग लागू शकते, हे मोटारींच्या बॅटऱ्यांमध्ये दिसतं. पाणी कमी होत होत प्लेटांचे शेंडे उघडे पडतात, आतली एखादी जोडपट्टी गंजून तडकलेली असते, आणि स्टार्टरचा शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह जाताना तिथे ठिणगी पडते. पाणी कमी म्हणजे वरची रिकामी जागा मोठी, म्हणजे स्फोटही मोठा. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वायर लावताना शेवटचा चिमटा बॅटरीच्या टर्मिनलवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर लांब लावायला सांगतात, तेही यासाठीच. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडणारच असते. ती व्हेंटपासून दूर पडावी एवढंच आपल्या हातात असतं. रस्त्याकडेचे काही मेकॅनिक वायरचं टोक टर्मिनलला घासून 'चार्ज आहे का' बघतात, त्यांना मी थांबवून व्होल्टमीटर देऊ करतो. क्वचित घेतात.

आता खोलीकडे वळू. त्याच मानकातला हवेचा हिशेब सोपा आहे. वायू करणारा प्रवाह अँपिअरमध्ये घ्यायचा, त्याला सेलच्या संख्येने गुणायचं आणि ०.०५ ने गुणायचं. तेवढे घनमीटर हवा तासाला बदलली पाहिजे. त्यात पाचपट सुरक्षितता आधीच धरलेली आहे, म्हणजे हायड्रोजन एक टक्क्याच्याही खाली राहतो. आमच्या संचाला बूस्टच्या वेळी वायूचा प्रवाह प्रत्येक अँपिअर-अवरमागे २० मिलिअँपिअर धरतात, म्हणजे ४ अँपिअर. चार गुणिले पंचावन्न गुणिले ०.०५ म्हणजे तासाला ११ घनमीटर. साधा बारा इंची एक्झॉस्ट फॅन याच्या शंभरपट हवा काढतो. पंखा नसेल तर समोरासमोरच्या भिंतींत, एक खाली आणि एक वर, साडेसतरा सेंटिमीटर बाजूची दोन चौकोनी भोकं पुरतात. चार बाय तीन मीटरची, तीन मीटर उंच खोली पूर्ण बंद केली, तरी ती सगळी चार टक्क्यांवर जायला बूस्टच्या जोरातही चौदा तास लागतील.

इतका दिलासा देणारा हिशेब असताना अपघात का होतात? कारण हिशेबातली खोली रिकामा डबा असते आणि खऱ्या खोलीला तुळया असतात. एका बॅटरी रूममध्ये स्लॅबच्या मधोमध ४५ सेंटिमीटर खोल तुळई होती. पंखा भिंतीत बसवला होता तो तुळईच्या पलीकडच्या बाजूला आणि तिच्या तळाच्याही खाली. पंखा व्यवस्थित फिरत होता आणि खोलीतली खालची हवा जोमाने बाहेर टाकत होता. तुळईच्या अलीकडे, स्लॅबला चिकटून, दोन बाय तीन मीटरचा उलटा हौद तयार झाला होता. त्याचं आकारमान २७०० लिटर. त्याला चार टक्के व्हायला १०८ लिटर हायड्रोजन पुरतो, आणि त्याच्या बरोबर खाली निम्मे सेल होते, म्हणजे बूस्टच्या वेळी तासाला पन्नास लिटर. चौदा तासांचा हिशेब दोन तासांवर आला. काठीच्या टोकाला नळी बांधून डिटेक्टरने तिथली हवा खेचली, तेव्हा त्याचा काटा चढायला लागला. छातीच्या उंचीला तो शून्यावर होता. आणि त्या हौदातच ट्यूबलाइट बसवलेली होती, स्टार्टरसह.

दुरुस्ती स्वस्त होती. त्या भागाच्या बाहेरच्या भिंतीत स्लॅबला अगदी लागून दोन भोकं, त्यांवर पावसाची झडप आणि जाळी. ट्यूबलाइट तुळईच्या खाली आणि सेलच्या डोक्यावरून बाजूला, आणि दिव्याचं बटण दाराबाहेर. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्श्याएवढा हलका असल्यामुळे निघाल्याबरोबर वर धावतो आणि अडेल तिथे जमतो. एकदा तो हवेत नीट मिसळला की मात्र पुन्हा वेगळा होऊन वर जात नाही. म्हणून पंखा भरपूर हवा ढवळत असेल तर फायदाच होतो, पण ती हवा बाहेर गेली पाहिजे. एसीच्या बाबतीत लोक इथेच फसतात. बँकांच्या आणि कार्यालयांच्या यूपीएस खोल्यांत स्प्लिट एसी असतो, खोली थंड आणि प्रसन्न वाटते, म्हणून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवतात. एसी तीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो. तिथल्या बॅटऱ्या बहुधा सीलबंद जातीच्या असतात. त्यांच्यात ऑक्सिजन आतच परत पाण्यात जमा होतो, म्हणून वायू फ्लोटच्या वेळी साध्या सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढा धरतात. शून्य धरत नाहीत. त्यांना झडप असते, आणि चार्जर बिघडला की ती उघडते. त्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी तापून आतून बिघडते आहे असं समजून, काहीही न सोडवता, खोलीबाहेरूनच चार्जरचा सप्लाय बंद करायचा.

भोकं पाडायला भिंतच नसेल तर काय होतं, हे पाणबुडीवाल्यांना विचारावं. विशाखापट्टणमला २०१० च्या फेब्रुवारीत 'सिंधुरक्षक'वर आग लागून एका नौसैनिकाचा जीव गेला, त्याचं कारण बॅटरीच्या सदोष झडपेतून गळलेला हायड्रोजन असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. हीच पाणबुडी पुढे २०१३ साली मुंबईच्या गोदीत बुडाली, पण तो स्फोट शस्त्रास्त्रांचा होता. दोन्ही घटनांची गल्लत होते म्हणून लिहिलं.

घरातला इन्व्हर्टर हे या सगळ्याचं छोटं रूप आहे, पण जागा त्याहून छोटी असते. १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी म्हणजे सहा सेल. चार्जिंगच्या शेवटी तीन अँपिअर वायूत जात असले तर तासाला साधारण साडेआठ लिटर हायड्रोजन. हॉलच्या कोपऱ्यात ठेवली तर त्याची दखलही घ्यायचं कारण नाही. पण दिसायला बरी दिसत नाही म्हणून तिला सनमायकाच्या कपाटात बंद करतात. कपाट अर्ध्या घनमीटरचं असेल तर त्याला चार टक्के गाठायला वीस लिटर लागतात, म्हणजे अडीच तास. जुन्या चार्जरचं नियंत्रण बिघडून पूर्ण पंधरा अँपिअर जात राहिले तर अर्धा तास. आणि कपाटाला काय लागतं? हिशेबाने तळाशी आणि माथ्याशी प्रत्येकी २५ चौरस सेंटिमीटर, पाच बाय पाचचं भोक. मी सुताराला त्याच्या चौपट सांगतो, कारण जाळीवर धूळ बसते आणि वरच्या फळीवर कुणीतरी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतं.

पाण्याचा रकाना घरीही ठेवावा, कॅलेंडरवर लिहिलं तरी चालेल. तीन महिन्यांनी पाणी लागायचं ते महिन्यावर आलं, तर आधी ऋतू बघावा. तापमान दहा अंशांनी वाढलं की वायू करणारा प्रवाह सुमारे दुप्पट होतो, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात थोडी वाढ व्हायचीच. ऋतूचं कारण नसेल तर चार्जरचं व्होल्टेज मोजून घ्यावं. तेही बरोबर असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. जाळीतल्या मिश्रधातूतलं अँटिमनी हळूहळू निगेटिव्ह प्लेटवर जमतं आणि तिथे पाणी पूर्वीपेक्षा कमी व्होल्टेजला फुटू लागतं. सहापैकी एकच सेल जास्त पाणी मागत असेल तर त्या सेलमध्ये दोष. आणि पातळी बघायला मोबाइलचा टॉर्च. वीज गेलेली असताना मेणबत्ती धरून बुचात डोकावलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातल्या एकाच्या भुवया नंतर आल्या त्या विरळच.

खंडेनवमीला बॅटरी रूमची पूजा होते. तिथे निरांजन आणि उदबत्ती न्यायची नाही, हे सांगणं दरवर्षी जड जातं. ज्येष्ठ ऑपरेटर मान हलवतात आणि वर्षानुवर्षं काही झालं नाही याची आठवण करून देतात. त्या दिवशी संच फ्लोटवर होता, म्हणून झालं नाही. आता आमच्याकडे ओवाळणं दाराबाहेर होतं, रॅकला झेंडूची माळ घालतात, आणि हळदकुंकू सेलच्या डब्याच्या अंगाला लावतात. टोपीवर नको, असं मी आवर्जून सांगतो. कुंकवाच्या बारीक पुडीने सिरॅमिकची रंध्रं बुजतात, आणि मग तो प्लग बदलावा लागतो.